शरीराचे वजन आणि चयापचय दर: दोन प्राण्यांवरून घातांक काढण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने जीवशास्त्र आणि गणित दोन्ही शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे व त्यांच्या शिक्षकांचे आहेत. सर्व उत्तरांत एकाच तक्त्यातील आकडे वापरले आहेत. विश्रांतीत असलेल्या सस्तन प्राण्यांच्या ऑक्सिजन-वापराचा हा तक्ता प्राणी-शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अनेक दशके छापला जात आहे. एकाच तक्त्यातून निवडलेल्या वेगवेगळ्या जोड्या किती वेगवेगळी उत्तरे देतात, हे त्यामुळे स्पष्ट दिसते.

१. चयापचय दर वजनाच्या "घाता"प्रमाणे वाढतो, याचा नेमका अर्थ काय?

प्राणी विश्रांतीत असताना एका तासात किंवा एका दिवसात जेवढी ऊर्जा खर्च करतो, तो त्याचा चयापचय दर होय. ही ऊर्जा मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे त्याने वापरलेला ऑक्सिजन मोजणे. वजन दुप्पट झाले की दरही दुप्पट होईल, अशी आपली पहिली कल्पना असते, परंतु मोजमापे तसे दाखवत नाहीत. वजन दुप्पट झाल्यावर दर साधारण दोन-तृतीयांशाने वाढतो, म्हणजे सुमारे १.६६ पट होतो. महत्त्वाची गोष्ट अशी की ही १.६६ पट वाढ उंदराच्या आकारापासून दुप्पट होताना जेवढी असते, जवळपास तेवढीच घोड्याच्या आकारापासून दुप्पट होतानाही असते. ठरावीक पट वजनाला ठरावीक पट दर, या संबंधालाच घात नियम म्हणतात आणि तो असा लिहितात:

```
B = a × M^b
```

येथे B हा दर, M हे वजन, b हा घातांक आणि a हा सहगुणक आहे. वजन एक किलो असलेल्या काल्पनिक प्राण्याचा दर म्हणजे a, कारण एकाचा कोणताही घात एकच असतो. घातांक १ असता, तर दर वजनाच्या सरळ प्रमाणात वाढला असता. सस्तन प्राण्यांत तो १ पेक्षा कमी आहे, आणि किती कमी आहे हाच या पानाचा विषय आहे.

२. घातांक काढायला लॉग का घ्यावा लागतो? आणि दोनच प्राणी कसे पुरतात?

वरच्या समीकरणात b घाताच्या जागी अडकलेला आहे, आणि घाताच्या जागी असलेली संख्या खाली आणण्याचे साधन म्हणजे लॉग. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की समीकरण `log B = log a + b × log M` असे होते. हे सरळ रेषेचे समीकरण आहे आणि b हा त्या रेषेचा चढ आहे. रेषेचा चढ काढायला दोन बिंदू पुरतात, म्हणूनच दोन प्राणी पुरतात. दोन्ही प्राण्यांची समीकरणे एकमेकांतून वजा केली की log a निघून जातो आणि उरते ते असे:

```
b = log(B2/B1) ÷ log(M2/M1)
```

आधी गुणोत्तर काढावे आणि मग त्याचा लॉग घ्यावा, हा क्रम मी आग्रहाने सांगतो. पुष्कळ जण दरांच्या दोन लॉगांचा भागाकार करून मोकळे होतात, म्हणजे log B2 ला log B1 ने भागतात. त्याचा घातांकाशी काहीही संबंध नाही. शिवाय उंदराचे वजन किलोत लिहिले की त्याचा लॉग ऋण येतो आणि चिन्हांचा घोळ सुरू होतो. गुणोत्तर आधी घेतले, तर मोठ्या प्राण्याला लहान प्राण्याने भागल्यामुळे वजनांचे गुणोत्तर नेहमी १ पेक्षा मोठे राहते.

३. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

उंदीर आणि हत्ती घेऊ. तक्त्यात उंदराचे वजन २५ ग्रॅम आणि ऑक्सिजनचा वापर दर किलोमागे ताशी १.६५ लिटर आहे. हत्तीचे वजन ३,८३३ किलो आणि वापर दर किलोमागे ताशी ०.०७ लिटर आहे. हे आकडे किलोमागचे आहेत, त्यामुळे आधी संपूर्ण प्राण्याचा दर काढावा लागतो. उंदरासाठी ०.०२५ गुणिले १.६५ म्हणजे ताशी ०.०४१२५ लिटर, आणि हत्तीसाठी ३,८३३ गुणिले ०.०७ म्हणजे ताशी सुमारे २६८.३ लिटर.

आता गुणोत्तरे घेऊ. हत्तीचे वजन उंदराच्या १,५३,३२० पट आहे, परंतु त्याचा ऑक्सिजनचा वापर उंदराच्या केवळ सुमारे ६,५०५ पट आहे. पहिल्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉग ५.१८५६ आणि दुसरीचा ३.८१३२. भागाकार केल्यावर घातांक ०.७३५ येतो.

उत्तर लिहिण्यापूर्वी ते पटते का, हे पाहावे. दर वजनाच्या सरळ प्रमाणात वाढला असता, तर हत्तीला दीड लाखांहून अधिक उंदरांएवढा ऑक्सिजन लागला असता. प्रत्यक्षात त्याला साडेसहा हजार उंदरांएवढाच लागतो. म्हणजे घातांक १ पेक्षा बराच कमी असला पाहिजे, आणि ०.७३५ तसा आहे.

४. लॉग दहाच्या पायाचा घ्यावा की नैसर्गिक? वजन ग्रॅममध्ये की किलोत?

घातांकाला दोन्हींनी फरक पडत नाही. पाया बदलला की अंश आणि छेद दोन्ही एकाच संख्येने गुणले जातात: वरच्या उदाहरणात नैसर्गिक लॉग घेतल्यास ८.७८० भागिले ११.९४० हे पुन्हा ०.७३५ च येते. एककेही गुणोत्तरात कटून जातात. अट एवढीच की दोन्ही प्राण्यांची एकके एकच असावीत. एकाचे वजन ग्रॅममध्ये आणि दुसऱ्याचे किलोत राहिले, तर वजनांच्या लॉगमध्ये पूर्ण ३ चा फरक पडतो. सहगुणक a मात्र एककांवर पूर्णपणे अवलंबून असतो (प्रश्न ६ पाहा).

५. माझे उत्तर ऋण आले, उणे ०.२६. माझे काय चुकले?

बहुधा काहीच चुकलेले नाही. आपण किलोमागचे आकडे तसेच सूत्रात घातले आहेत. किलोमागचा दर म्हणजे संपूर्ण दर भागिले वजन, त्यामुळे त्याचा घातांक b नसून b वजा १ असतो. उंदीर व हत्तीसाठी ०.०७ ला १.६५ ने भागून लॉग घेतला की उणे १.३७२ येतो, आणि त्याला ५.१८६ ने भागले की उणे ०.२६५. त्यात १ मिळवले की पुन्हा ०.७३५. ही दुसरी वाट पडताळणीसाठी चांगली आहे. ऋण चिन्हाचा अर्थही सरळ आहे: उंदराच्या शरीराचा एक ग्रॅम हत्तीच्या एका ग्रॅमपेक्षा सुमारे चोवीस पट ऑक्सिजन वापरतो. आपली दोन्ही गणिते मिळून उत्तर ०.७३५ होत नसेल, तर आपली अडचण वेगळी आहे आणि ती प्रश्न ८ मध्ये सापडेल.

६. सहगुणक a कसा काढायचा, आणि त्याचा उपयोग काय?

घातांक मिळाल्यावर कोणत्याही एका प्राण्याचे आकडे मूळ समीकरणात घालावेत. उंदराचे घातले तर log a उणे ०.२०७ येतो, म्हणजे a ताशी सुमारे ०.६२ लिटर. एक किलो वजनाचा सस्तन प्राणी, या रेषेनुसार, विश्रांतीत तासाला एवढा ऑक्सिजन वापरील. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे ४.८ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते, या हिशेबाने दिवसाला सुमारे ७२ किलोकॅलरी होतात. याच संबंधावर काम केलेले शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांच्या सूत्रात हीच संख्या ७० आहे, ही मला फार समाधानकारक जुळणी वाटते.

सहगुणकाचा खरा उपयोग तिसऱ्या प्राण्यावर रेषा तपासण्यात आहे. तक्त्यातील ११.७ किलोच्या कुत्र्यासाठी आपली रेषा ताशी ३.७९ लिटर सांगते आणि मोजलेला आकडा ३.८६ आहे. सत्तर किलोच्या माणसासाठी ती १४.१ सांगते आणि मोजलेला १४.७ आहे. उंदीर आणि हत्ती या दोन टोकांवरून आखलेली रेषा मधल्या दोन प्राण्यांच्या इतकी जवळून जाते, यावरून घात नियमाचे वर्णन येथे खरोखर लागू पडते, असे म्हणता येते. मांजराला मात्र ती लागू पडत नाही: २.५ किलोला रेषा १.२२ लिटर सांगते आणि मोजलेला दर १.७० आहे, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त.

७. मांजर आणि कुत्रा घेतल्यावर घातांक ०.५३ आला, मेंढी आणि माणूस घेतल्यावर ०.९१. नियम खोटा आहे का?

नियम खोटा नाही, जोडी चुकीची निवडली आहे. हा प्रश्न सर्वांत अधिक येतो आणि त्याचे उत्तर समजले की बाकीचे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.

मेंढी ४२.७ किलोची आहे आणि माणूस ७० किलोचा, म्हणजे वजनांचे गुणोत्तर फक्त १.६४ आणि त्याचा लॉग फक्त ०.२१५. प्रश्न ६ मधील रेषेच्या तुलनेत मेंढीचा दर ४ टक्क्यांनी कमी आहे आणि माणसाचा ४ टक्क्यांनी जास्त. प्राण्याप्राण्यांतील फरक म्हणून हे काहीच नाही. पण हे दोन्ही मिळून दरांच्या गुणोत्तरात जवळपास ९ टक्के वाढ करतात, तिचा लॉग ०.०३७ होतो, आणि त्याला ०.२१५ एवढ्या छोट्या संख्येने भागले की घातांकात ०.१७ ची भर पडते. म्हणून ०.७४ चे ०.९१ झाले. मांजर आणि कुत्र्याच्या बाबतीत हेच उलट दिशेने होते: मांजर रेषेच्या बरेच वर असल्यामुळे त्याच्यापासून कुत्र्यापर्यंतचा चढ फार सौम्य दिसतो.

यातून घातांकात किती चूक असू शकते, याचा अंदाज करण्याची पद्धत मिळते. दरांच्या गुणोत्तरात २० टक्के चूक असेल, तर १.२ चा लॉग, म्हणजे ०.०७९, घ्यावा आणि त्याला वजनांच्या गुणोत्तराच्या लॉगने भागावे. उंदीर-हत्तीसाठी घातांकातील चूक ०.०१५ येते, मांजर-कुत्र्यासाठी ०.१२. तीच चूक, तेच सूत्र, परिणाम आठपट. माझ्या मते वजनांत निदान हजारपट फरक नसेल, तर दोन प्राण्यांवरून काढलेल्या घातांकाचा दुसरा दशांश लिहूच नये.

८. संपूर्ण प्राण्याचा दर घेऊनही घातांक ऋण आला. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि याच तक्त्यात तशी जोडी आहे. ४.८ ग्रॅमची चिचुंद्री, जी आपल्या घरांत फिरणाऱ्या चिचुंद्रीपेक्षा पुष्कळ लहान जातीची आहे, ग्रॅममागे ताशी ७.४ मिलिलिटर ऑक्सिजन वापरते, म्हणजे एकूण ३५.५ मिलिलिटर. ९ ग्रॅमचा छोटा रानउंदीर ग्रॅममागे १.५, म्हणजे एकूण १३.५ मिलिलिटर वापरतो. जवळपास दुप्पट वजनाचा प्राणी निम्म्याहून कमी ऑक्सिजन वापरतो आणि घातांक उणे १.५४ येतो.

गणित बरोबर आहे, पण त्यातून निघालेल्या संख्येला काहीच अर्थ नाही. प्रश्न ६ मधील रेषेशी ताडून पाहिले, तर चिचुंद्री अपेक्षेच्या जवळपास तिप्पट वापरते आणि रानउंदीर अपेक्षेपेक्षा सुमारे ३० टक्के कमी. वजनांचे गुणोत्तर दोनहून कमी असल्यामुळे हे दोन्ही फरक घातांकात प्रचंड होऊन दिसतात. चिचुंद्रीचा आकडा इतका मोठा असण्याचे एक कारण तिच्या मोजमापात शोधावे लागते: ती सतत हालचाल करते आणि सतत खाते, त्यामुळे तिला उपाशी आणि शांत अशा अवस्थेत मोजणे फार कठीण जाते.

९. मोजमाप कोणत्या अवस्थेतील असावे?

तुलनेसाठी मूलभूत चयापचय दर वापरतात. त्यासाठी प्राणी पूर्ण वाढलेला, जागा पण शांत असावा, आधीचे खाणे पचून गेलेले असावे, आणि भोवतालचे तापमान असे असावे की त्याला शरीर गरम किंवा थंड ठेवण्यासाठी जादा ऊर्जा लागू नये.

शेवटची अट लहान प्राण्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त मोडली जाते. उंदराला असे तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस लागते. आपल्याला सुखद वाटणाऱ्या बावीस अंशांच्या खोलीत तो ऊब राखण्यासाठी ऊर्जा जाळत असतो. समजा त्यामुळे त्याचा दर दीडपट मोजला गेला. १.५ चा लॉग ०.१७६, भागिले ५.१८६, म्हणजे ०.०३४. घातांक ०.७३५ वरून ०.७० वर उतरेल, आणि दोष हत्तीचा नसून खोलीचा असेल. दुसऱ्या टोकाला रवंथ करणारे प्राणी अडचण करतात, कारण त्यांच्या पोटातील किण्वन दिवसेंदिवस चालू राहते आणि "उपाशी" ही अवस्था त्यांना सहज लागू करता येत नाही. अशा प्राण्याचा दर वास्तवापेक्षा जास्त मोजला जातो, आणि तो जोडीतील मोठा प्राणी असेल तर घातांक वर सरकतो.

१०. मग खरा घातांक कोणता, तीन-चतुर्थांश की दोन-तृतीयांश?

दोन्ही आकड्यांमागे इतिहास आहे. १८८३ मध्ये माक्स रूबनर यांनी वेगवेगळ्या आकारांच्या कुत्र्यांवर मोजमापे करून दर शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात असतो, असे मांडले. शरीराची घडण तीच ठेवून ते मोठे केले की पृष्ठफळ वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते आणि उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते, असा हा विचार होता. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात काम करणारे स्विस शास्त्रज्ञ क्लायबर यांनी कितीतरी विस्तृत वजनांचे प्राणी एकत्र घेतल्यावर घातांक दोन-तृतीयांशापेक्षा मोठा, तीन-चतुर्थांशाच्या जवळ निघाला. १९९७ मध्ये वेस्ट, ब्राऊन आणि एन्क्विस्ट यांनी रक्तवाहिन्यांसारख्या फांद्या फुटत जाणाऱ्या जाळ्यांच्या भूमितीवरून तीन-चतुर्थांश सिद्धांतातूनच मिळतो, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. पुढे २००३ मध्ये व्हाइट आणि सेमूर यांनी शरीराच्या तापमानाचा परिणाम आणि मूलभूत अवस्थेत न मोजलेले प्राणी वगळून सस्तन प्राण्यांसाठी पुन्हा सुमारे ०.६७ काढला. वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही.

आपले ०.७३५ हा वाद मिटवू शकत नाही. उंदरापासून तीन-चतुर्थांशाने चढत गेले, तर हत्ती ७,७४८ पट ऑक्सिजन वापरेल आणि दोन-तृतीयांशाने गेले, तर २,८६५ पट. मोजलेले गुणोत्तर ६,५०५ आहे आणि ते उघडच पहिल्याच्या जवळ आहे. परंतु या दोन्हींतील अंतर २.७ पट आहे, आणि चिचुंद्रीने आत्ताच दाखवले की एकटा प्राणी रेषेपासून तेवढा दूर असू शकतो.

११. एक सस्तन आणि एक सरडा अशी जोडी चालेल का?

चालणार नाही. दोन प्राण्यांची पद्धत a दोघांचा एकच आहे असे गृहीत धरूनच log a वजा करते (प्रश्न २). सरपटणारे प्राणी शरीर आतून गरम ठेवत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा त्यांचा दर अनेक पटींनी कमी असतो, आणि तो भोवतालच्या तापमानानुसार बदलतोही. समजा मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा a लहान सस्तनाच्या एक-दशांश आहे आणि वजनांत शंभरपट फरक आहे. दरांच्या लॉगमधून पूर्ण १ वजा होईल, वजनांचा लॉग २ आहे, म्हणजे घातांक ०.५ ने कमी येईल. हाच दोष सौम्य स्वरूपात सस्तनांतही येतो: कांगारूसारख्या पिशवीधारी प्राण्यांचा दर इतर सस्तनांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी असतो, म्हणून त्यांची जोडी त्यांच्यातच लावावी.

१२. पिल्लू आणि प्रौढ, एकाच जातीचे, असे घेतले तर?

मिळालेली संख्या दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असते. पिल्लू वाढीसाठीही ऊर्जा खर्च करते, त्यामुळे ते प्रश्न ९ मधील पहिलीच अट मोडते. एकाच जातीच्या लहानमोठ्या प्रौढांचा घातांक काढता येतो, पण तो जातीजातींमधील घातांकाएवढाच असेल असे धरता येत नाही. शिवाय एका जातीत वजनांचे गुणोत्तर सहसा लहान असते, तेव्हा प्रश्न ७ मधील अडचण उभी राहतेच.

१३. माझ्याकडे अनेक प्राणी आहेत. प्रत्येक जोडीचा घातांक काढून सरासरी घेऊ का?

घेऊ नये. या पानावरील उंदीर-हत्ती, मांजर-कुत्रा आणि मेंढी-माणूस यांची सरासरी ०.७२ येते आणि ती फसवी आहे. चौथी जोडी म्हणून चिचुंद्री-रानउंदीर मिळवली की तीच सरासरी ०.१६ वर कोसळते. सरासरी सर्व जोड्यांना सारखे महत्त्व देते, आणि जवळच्या वजनांची जोडी तर जवळजवळ काहीच माहिती देत नाही. त्याऐवजी प्रत्येक प्राण्यासाठी log M आणि log B काढून आलेखावर बिंदू मांडावेत आणि बिंदूंच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी सरळ रेषा त्या सर्वांतून बसवावी. तिचा चढ हाच घातांक. एखादा बिंदू रेषेपासून किती दूर आहे, हेही तेथे लगेच दिसते.

१४. उत्तर किती दशांशांपर्यंत लिहावे?

तक्त्यातील हत्तीचा आकडा ०.०७ आहे, म्हणजे खरा आकडा ०.०६५ ते ०.०७५ मध्ये कुठेही असू शकतो. तेवढ्याने घातांक ०.७२९ ते ०.७४१ मध्ये फिरतो. म्हणून कॅल्क्युलेटरवर ०.७३५३ दिसत असले, तरी ०.७४ किंवा "सुमारे ०.७३ ते ०.७४" असे लिहावे, आणि सोबत दोन्ही प्राण्यांची वजने द्यावीत, म्हणजे वाचणाऱ्याला प्रश्न ७ मधील हिशेब स्वतः करता येईल.